सात लाख अठ्ठ्याऐंशी हजार बाइटांनी नव्हे, एका ‘वर’ने अडलेले प्रकरण

पांझरा नदीच्या काठच्या एका भागाचा स्थानिक इतिहास ई-पुस्तकाच्या रूपात आणण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हस्तलिखित एकाच वर्ड फाइलमध्ये होते. प्रकरणे चौदा होती आणि त्यांच्या लांबीत कमालीचा फरक होता. काही प्रकरणे पंधरा-वीस पानांत संपत होती. नववे प्रकरण मात्र टिपांसह सुमारे ३८,००० शब्दांचे होते. त्याचा विषय फड पद्धत हा होता: नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी शेतापर्यंत आणायचे, जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक घ्यायचे आणि सर्वांना पाळीने पाणी द्यायचे. लेखक निवृत्त शिक्षक आहेत. पाटकरी, जागले, हवालदार यांची कामे, पाळ्यांची कोष्टके आणि पाण्यावरून दोन गावांत झालेला एक जुना वाद यांची एकमेकांत गुंतलेली वीण हेच त्या प्रकरणाचे मोल होते. तुकडे करण्याची वेळ नेमकी याच प्रकरणावर आली.

ईपब फाइल म्हणजे एक झिप गाठोडे असते आणि पुस्तकाचा मजकूर त्यात एक्सएचटीएमएल फायलींच्या रूपात ठेवलेला असतो. त्यातली एखादी फाइल फार मोठी झाली, तर जुनी वाचनयंत्रे ती उघडताना अडखळतात किंवा उघडतच नाहीत. ई-पुस्तके तयार करणाऱ्या कॅलिबर या प्रणालीत याच कारणासाठी `--flow-size` नावाची मर्यादा असते. ती ॲडोबी डिजिटल एडिशन्स या वाचनप्रणालीच्या गरजेनुसार मुळात २६० केबी, म्हणजे २,६६,२४० बाइट, इतकी ठेवलेली असते. ही मर्यादा झिप होण्यापूर्वीच्या फाइलला लागते. गाठोडे आवळून लहान झाले म्हणून आतली फाइल लहान होत नाही, हे ध्यानात न घेता पुष्कळ जण केवळ `.epub` फाइलचा आकार पाहून निश्चिंत होतात.

शिवाय ही मर्यादा बाइटांत मोजली जाते, अक्षरांत नव्हे, आणि मराठी मजकुराला ती येथेच जड जाते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तही स्वतंत्रपणे मोजले जातात. ‘क्षि’ हे डोळ्याला एकच अक्षर दिसते; यंत्राच्या लेखी ती क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे व बारा बाइट असतात. नवव्या प्रकरणाची मोजणी मी अशी केली:

```
wc -m adhyay09.xhtml
wc -c adhyay09.xhtml
```

पहिल्या आज्ञेने चिन्हांची संख्या सांगितली, सुमारे ३,०८,०००. दुसरीने बाइट सांगितले, सुमारे ७,८८,०००. त्यातले २,४०,००० चिन्हांच्या आसपास देवनागरी होते आणि उरलेल्या ६८,००० चिन्हांत शब्दांमधल्या मोकळ्या जागा, विरामचिन्हे व खुणांचे कोड होते. एवढीच चिन्हे रोमन असती, तर दोन तुकड्यांत भागले असते. येथे हिशेबाने किमान तीन तुकडे लागत होते, पण त्या तिघांची सरासरी २,६२,००० च्या वर जात होती, म्हणजे प्रत्येक तुकडा काठोकाठ भरावा लागला असता. मजकूर तोडायच्या जागा बाइटांच्या सोयीने येत नसतात, म्हणून चार तुकडे करायचे हे पहिल्याच दिवशी ठरले.

पहिला प्रयत्न मी यंत्रावर सोडला. कॅलिबरने प्रकरण मधोमध कापले, दोन्ही अर्धे मर्यादेबाहेर आहेत असे पाहून त्यांना पुन्हा मधोमध कापले आणि चार फायली तयार करून दिल्या. आकार निर्दोष होते. मात्र तिसरा काप वादातल्या एका गावाने दिलेल्या अर्जाच्या मध्यावर पडला होता. ‘आमच्या फडास पाणी येत नाही, कारण’ या शब्दांनी संपणाऱ्या परिच्छेदानंतर पान अर्धे कोरे राहत होते आणि कारणांची यादी पुढच्या फाइलमध्ये, नव्या पानावर सुरू होत होती. ईपबमध्ये नवी फाइल नव्या पानावरच उघडते, त्यामुळे तुकड्याची हद्द वाचकाला नेहमीच दिसते; लेखकाने तेथे विराम घेतला आहे असे त्याला वाटते.

दोष कॅलिबरचा नव्हता. कापायची जागा शोधताना ते आधी शीर्षकांच्या खुणा पाहते आणि त्या नसतील, तर परिच्छेदांकडे वळते. सरांनी वर्डमध्ये उपशीर्षके टाइप करून ठळक केली होती, पण त्यांना शीर्षकाची शैली दिली नव्हती. माणसाला ती नऊ उपशीर्षके दिसत होती. यंत्राला दिसत होते ते नऊ ठळक परिच्छेद. म्हणून दुसऱ्या प्रयत्नाचे पहिले काम कापण्याचे नव्हतेच. सर्व उपशीर्षके `<h2>` करणे आणि प्रत्येकाला एक कायमची ओळख देणे, एवढे एका दुपारचे काम केल्यावर प्रकरणाचा सांगाडा प्रथमच फाइलमध्ये आला.

त्यानंतर जागा मी हाताने निवडल्या. पहिली दोन उपशीर्षके नदी आणि बंधाऱ्यांची ओळख करून देतात. टिपा वगळता ती १,६०,००० बाइटांत मावली. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत पाळ्यांचे आणि पाटकऱ्यांच्या हक्कांचे वर्णन आहे, ते २,१२,००० झाले. सहावे उपशीर्षक म्हणजे तो वाद. एकटेच २,४३,००० बाइटांचे हे उपशीर्षक मी मोडले नाही, कारण एका गावाचा अर्ज आणि दुसऱ्या गावाचे उत्तर यांच्यामध्ये कोरे पान आणणे मला पटले नाही. शेवटची तीन उपशीर्षके १,१५,००० मध्ये आटोपली. तुकडे दिसायला विषम होते, पण तुकडे सारख्या आकाराचे असावेत असा नियम कोठेही नाही. वरची मर्यादा आहे, खालची नाही.

टिपांचे काय करायचे हा प्रश्न मला वाटला त्याहून अवघड निघाला. प्रकरणाच्या शेवटी ९६ टिपा होत्या आणि त्यांचे ५८,००० बाइट होते. ज्या तुकड्यातली टीप त्याच तुकड्याच्या शेवटी द्यावी, असे मी ठरवले. वाचकाला ते जवळ पडते आणि काही वाचनप्रणाली त्याच फाइलमधली टीप छोट्या खिडकीत उघडून दाखवतात. टिपांची यादी `<ol>` मध्ये असल्याने प्रत्येक फाइलमध्ये क्रमांक आपोआप पुन्हा १ पासून सुरू झाले, आणि मी त्यांच्या ओळखीही त्याप्रमाणे `t1`, `t2` अशा करून घेतल्या. ही माझी चूक होती, पण ती कळायला आठवडा लागला.

तपासणीच्या `epubcheck` या साधनाने त्या आवृत्तीत २९ चुका दाखवल्या. त्यांपैकी ११ `RSC-007` प्रकारच्या होत्या: इतर प्रकरणांतले दुवे `adhyay09.xhtml` या जुन्या फाइलकडे जात होते आणि ती फाइल आता अस्तित्वातच नव्हती. उरलेल्या १८ चुका `RSC-012` प्रकारच्या होत्या. त्यांत फाइल होती, पण दुव्यात सांगितलेली खूण त्या फाइलमध्ये नव्हती. पाळ्यांचे कोष्टक दुसऱ्या तुकड्यात गेले होते आणि तिसऱ्या तुकड्यातला `#kosh-3` हा दुवा ते अजून आपल्याच घरात शोधत होता. कोणती खूण कोणत्या फाइलमध्ये आहे याची एक यादी तयार केली आणि दुवे तिच्यावरून लिहून काढले, तशा या सगळ्या चुका तासाभरात मिटल्या. साधनाने शून्य चुका दाखवल्या आणि मी ती प्रत सरांना पाठवली.

आठ दिवसांनी सरांचा फोन आला. “वादाच्या भागात ‘मापासाठी टीप १७ पाहा’ असे मी लिहिले आहे. त्यावर बोट ठेवले, की एका जमीनदाराची वंशावळ उघडते. तुम्ही टिपा हलवल्यात का?” मी त्या हलवल्या होत्याच. मूळ प्रकरणातली सतरावी टीप पाणी मोजण्याच्या मापाविषयी होती आणि ती पहिल्या तुकड्यात गेली होती. तिसऱ्या तुकड्याची स्वतःची सतरावी टीप होती, ती वंशावळीची. दुवा `#t17` असा होता, त्या फाइलमध्ये `t17` होती, म्हणून साधनाच्या दृष्टीने सारे ठीक होते.

तुकडे करताना मोडणारे दुवे दोन जातींचे असतात. मेलेला दुवा साधन पकडते. जिवंत असून चुकीच्या जागी नेणारा दुवा ते पकडू शकत नाही, कारण त्याला अर्थ कळत नाही. तो वाचणाऱ्यालाच सापडतो, तेही त्याला विषय ठाऊक असेल तर. सरांनी तो फोन केला नसता, तर पाण्याचे माप शोधणाऱ्या प्रत्येक वाचकाला वंशावळ मिळाली असती आणि लेखकच गोंधळलेला आहे असा त्याचा ग्रह झाला असता.

त्याच सुमारास दुसरी अडचणही समोर आली. तिसऱ्या तुकड्याच्या टिपा सर्वांत जास्त होत्या, २७,००० बाइटांच्या. २,४३,००० मध्ये त्या मिळवल्या, की २,७०,००० होत होते, म्हणजे फाइल पुन्हा मर्यादेबाहेर. दोन्ही अडचणींवर उपाय एकच होता. नवव्या प्रकरणाच्या सर्व टिपा मी `tipa09.xhtml` या वेगळ्या फाइलमध्ये नेल्या, क्रमांक १ ते ९६ असे अखंड ठेवले आणि प्रत्येक टिपेला प्रकरणाचा क्रमांक असलेली ओळख दिली:

```
<a epub:type="noteref" id="r09-17"
   href="tipa09.xhtml#t09-17">१७</a>
```

याची किंमत मोजावी लागली. ज्या प्रणालींत टीप छोट्या खिडकीत उघडत होती, त्यांतल्या काहींत आता वाचक टिपांच्या फाइलवर जातो आणि परत येण्यासाठी त्याला टिपेच्या शेवटचा परतीचा दुवा वापरावा लागतो. टीप १७ ही सगळीकडे टीप १७ राहावी, छापील प्रतीतली आणि ई-पुस्तकातलीही, यासाठी ही गैरसोय मला स्वस्त वाटली. संशोधनाच्या पुस्तकात क्रमांक हाच टिपेचा पत्ता असतो. कादंबरी असती, तर मी कदाचित उलट निर्णय घेतला असता.

आता मजकूर उरला होता. ज्या निर्देशांमागे दुवा असतो, ते यंत्राला सापडतात. ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘खालील कोष्टकात’, ‘मागे आलेच आहे’ हे निर्देश नुसत्या शब्दांत असतात. प्रकरणात असे ३४ निर्देश निघाले. ते शोधायला ‘वर’ हा शब्द शोधून चालत नाही, कारण ‘बंधाऱ्यावर’पासून ‘वरच्या गावा’पर्यंत शेकडो जागा समोर येतात. ‘वर दिले’, ‘वर सांगित’, ‘खाली दि’, ‘मागे आल’, ‘पुढे ये’ असे तुटक शब्दसमूह घेऊन शोधावे लागले आणि शेवटी एकदा सलग वाचावेही लागले. त्यांपैकी २१ निर्देश आपल्याच तुकड्यातल्या गोष्टीकडे बोट दाखवत होते. ते तसेच राहिले. उरलेले १३ हद्द ओलांडत होते. तेथे ‘वर’ काढून वस्तूचे नाव घातले: ‘वर दिलेल्या कोष्टकात’ऐवजी ‘पाटकऱ्यांच्या हक्कांच्या कोष्टकात’ असे लिहिले आणि त्यावर दुवा दिला. सरांना हे आरंभी रुचले नाही. “छापील पानावर ‘वर’ म्हणजे वरच असते,” असे ते म्हणाले. पण त्यांनी फोनवर तिसरा तुकडा उघडून ‘वर’ शोधायला बोट वर सरकवले आणि फाइल संपली, तेव्हा त्यांनीच उरलेल्या जागा सुचवल्या.

प्रत्येक तुकड्याचे पहिले वाक्य हा याहून नाजूक प्रश्न होता. तिसरा तुकडा मुळात असा सुरू होत होता: ‘पण हे सगळे त्या वर्षी मोडले.’ सलग वाचणाऱ्याला हे वाक्य सुंदर वाटते, कारण ‘हे सगळे’ म्हणजे काय ते त्याने नुकतेच वाचलेले असते. पण ई-पुस्तकात बरेच वाचक अनुक्रमणिकेतून किंवा शोध घेऊन थेट येथेच उतरतात. त्यांच्यासाठी ‘हे’, ‘सगळे’ आणि ‘त्या’ हे तिन्ही शब्द पोकळ होते. अशा वेळी ‘मागील भागात आपण पाहिले की’ असे सारांशाचे ठिगळ लावण्याची रीत आहे. मला ती दूरचित्रवाणी मालिकांना शोभणारी वाटते. सलग वाचणाऱ्याला ती तीच गोष्ट दोनदा ऐकवते आणि प्रकरणाचा ओघ मोडते. त्याऐवजी सर्वनामांच्या जागी नामे आणली: ‘पण पाळीने पाणी देण्याची ही रीत, वरच्या गावाने बंधाऱ्याची उंची वाढवली त्या वर्षी मोडली.’ मागे जाणारा धागा ‘पण’ आणि ‘ही रीत’ यांनी तसाच राहिला, आणि थेट उतरणाऱ्याच्या पायाखाली जमीनही आली. दुसऱ्या आणि चौथ्या तुकड्यांच्या आरंभीही एकेक वाक्य असेच बदलले. म्हणजे मजकुरात एकूण १६ बदल झाले आणि ते सगळे सरांच्या संमतीने झाले.

अनुक्रमणिकेत मात्र तुकड्यांचा मागमूस ठेवला नाही. ‘प्रकरण ९, भाग १’ असे काही तेथे दिसत नाही, कारण भाग ही वाचनयंत्राची गरज होती, लेखकाची रचना नव्हे. प्रकरणाचे नाव पहिल्या फाइलकडे जाते आणि त्याखालची नऊ उपशीर्षके आपापल्या खुणांकडे. फायलींचा वाचनक्रम त्यांच्या नावांवरून नव्हे, तर `content.opf` मधल्या `spine` वरून ठरतो, त्यामुळे तेथे चारही तुकडे ओळीने आहेत ना, हे डोळ्यांनी पाहून घेतले.

शेवटची तपासणी म्हणजे केलेले काम उलट करून पाहणे. चारही फायली आणि टिपांची फाइल यांतले कोड काढून टाकून मजकूर पुन्हा सलग जोडला, मूळ प्रकरणावरही तीच प्रक्रिया केली आणि दोन्ही परिच्छेदागणिक ताडून पाहिले:

```
diff mool09.txt jodlele09.txt | grep -c '^>'
```

सोळा बदल सोळा निरनिराळ्या परिच्छेदांत होते, म्हणून उत्तर १६ यायला हवे होते. ते १७ आले.

सतरावा फरक त्या अर्जातच होता. मुळात ‘दऱ्या’ असे होते, जोडलेल्या मजकुरात ‘दर्या’ झाले होते; गावाभोवतीच्या दऱ्यांचा समुद्र झाला होता. अर्जाचा मजकूर सरांनी दुसऱ्याकडून टाइप करून घेतला होता. त्या व्यक्तीच्या कळफलकावर असा अर्धा र लिहिण्यासाठी र, हलन्त आणि त्यापुढे `U+200D` हे न दिसणारे जोडचिन्ह येत होते. सर स्वतः टाइप करत तेव्हा त्यासाठी `U+0931` हा वेगळा ‘ऱ’ येत होता. दिसायला दोन्ही सारखेच. वर्डमधून आलेली न दिसणारी कचराचिन्हे काढून टाकण्याची एक पायरी मी फायली करण्यापूर्वी चालवली होती, आणि तिने कचऱ्याबरोबर हे जोडचिन्हही झाडून नेले. शब्दांची संख्या मोजून हा दोष कधीच सापडला नसता, कारण शब्द तेवढेच राहिले होते. ती पायरी मी बदलली, अर्जाचा परिच्छेद पुन्हा आणला आणि ताडणी परत केली. या वेळी उत्तर १६ आले.

पुस्तक वाचकांच्या हाती गेल्यानंतर सरांना त्याच वादातला आणखी एक कागद मिळाला आहे. तो सुमारे २,००० शब्दांचा असून पुढच्या आवृत्तीत सहाव्या उपशीर्षकाखाली घालावा असे त्यांचे म्हणणे आहे. तिसऱ्या तुकड्यात सुमारे २३,००० बाइट शिल्लक आहेत आणि एका मराठी शब्दाला सरासरी वीस-एकवीस बाइट लागतात, म्हणजे तेथे ११०० शब्दांच्या पलीकडे जागा नाही. अर्ज आणि उत्तर एकत्र ठेवून, नव्या कागदाच्या आधी एक उपशीर्षक आणून तेथे पाचवा तुकडा पाडावा, असे आम्ही ठरवले आहे. त्यासाठी आधीच्या टिपांच्या ओळखी बदलाव्या लागणार नाहीत. हद्दीपलीकडे जाणाऱ्या खुणांच्या दुव्यांतले फाइलचे नाव तेवढे बदलेल, आणि नव्या कागदात सरांनी ‘वर’ किती ठिकाणी लिहिले आहे ते मला पाहावे लागेल.